मुलाखतीला वेळेवर न आलेले चौघे

ताई, शृंगारतळीजवळ आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. स्टोअर आणि हिशेब बघायला माणूस हवा म्हणून मंगळवारी साडेदहाला सहा जणांना बोलावलं होतं. वेळेवर दोघंच आले. चिपळूणचा एक मुलगा बारा वाजून गेल्यावर भिजून आला, वाटेत झाड पडलं म्हणाला. दाभोळच्या मुलीने सकाळीच फेरी बंद असल्याचा मेसेज केला. एकाचा संध्याकाळी मेसेज आला, आजी गेली. एकाचा फोन अजून बंदच आहे. भाऊ म्हणतो, चौघांनाही काट मार. बायको म्हणते, पावसाळा आहे, सगळ्यांना परत बोलाव. खरी अडचण कुणाची आणि निष्काळजी कोण, हे ओळखायचं कसं?
— एक कारखानदार, गुहागर तालुका

नमस्कार दादा,

भाऊ आणि वहिनी दोघंही एकाच ठिकाणी अडकलेत. दोघांची नजर कारणावर आहे. एकाला सगळी कारणं खोटी वाटतात, दुसरीला सगळी खरी. आजी खरोखर गेली का, झाड खरोखर पडलं का, याचा छडा लावत बसलात तर मालक कमी आणि पोलीस पाटील जास्त व्हाल, आणि तरीही पक्कं काही हाती लागणार नाही.

लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत बरीच वर्षं भरतीचं काम केल्यावर मी कारण दुसऱ्या नंबरावर ठेवते. पहिल्या नंबरावर दोन वेळा असतात. आपण पोचू शकणार नाही हे माणसाला कधी कळलं, आणि ते त्याने तुम्हाला कधी कळवलं. या दोन वेळांमधलं अंतर कागदावर लिहून काढा. कारण शंभर टक्के खरं असूनही हे अंतर चार तासांचं असू शकतं. उलट कारण थोडं रंगवलेलं असलं, पण आदल्या संध्याकाळी फोन करून 'उद्या जमत नाही' असं कुणी सांगितलं, तर तुमची सकाळ तरी फुकट जात नाही. नोकरीत तुम्हाला रोज त्रास होणार आहे तो या अंतराचा. अडचणी तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांनाच येतात.

आपल्याकडे याला एक मोठा अपवाद आहे. पावसात वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही झोपतो. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं तेव्हा घरातल्या घरात वरच्या मजल्यावर अडकलेली माणसं कुणाला साधा मेसेजही करू शकत नव्हती. त्या आठवड्यात मुलाखत चुकलेल्या माणसाला 'कळवलं का नाहीस' विचारणं म्हणजे निव्वळ निर्दयपणा झाला असता. म्हणून न कळवणं म्हणजे निष्काळजीपणा, असा सरळ हिशेब धरू नका. रेंज परत आल्यावर माणसाने काय केलं ते बघा. पहिल्या तासा-दोन तासांत फोन आला, तर मधली शांतता त्याची नव्हती, टॉवरची होती. दोन दिवस उलटले तरी काही नाही, आणि दरम्यान व्हॉट्सॲपवर स्टेटस मात्र नियमित लागतंय, तर चित्र वेगळं आहे. (दुसऱ्याचं स्टेटस बघणं मला फारसं आवडत नाही, पण तुम्ही बघणारच, म्हणून सांगितलं.)

आता एकेक घेऊ.

दाभोळच्या मुलीचं प्रकरण सगळ्यांत सोपं. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये खाडी आहे. हवा बिघडली की फेरीबोट थांबते. मग गुहागरकडे यायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा वळसा घालावा लागतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. तिला हे सकाळी जेटीवर कळलं आणि सकाळीच तिने तुम्हाला कळवलं. अंतर जवळपास शून्य. शिवाय ही गोष्ट तिच्या शब्दावर अवलंबून नाही. धोपाव्यात कुणालाही फोन करा, मंगळवारी फेरी चालू होती की नाही ते एका मिनिटात कळेल. तिला दुसरी तारीख देताना उपकार केल्याचा सूर लावू नका. हे तिचं अपयश नाही आणि तिच्या नावापुढे कसली खूण करायचीही गरज नाही.

मात्र तिच्याशी एक गोष्ट आत्ताच मोकळेपणाने बोला. नोकरी लागली तर पावसाळ्यात रोज खाडी ओलांडून येणार का, की इकडे खोली घेऊन राहणार? हा प्रश्न तिच्या प्रामाणिकपणाचा नाही, नोकरीच्या व्यवहाराचा आहे. तो मुलाखतीत विचारावा. फेरी बंद होती म्हणून आधीच मनातल्या मनात तिचं नाव कापू नये. अशी चांगली माणसं न विचारताच कापली गेलेली मी खूप पाहिली आहेत. बहुतेक वेळा उत्तर असतं, 'मावशी शृंगारतळीत राहते, तिच्याकडे राहीन.'

चिपळूणच्या मुलावर मात्र जरा थांबायला हवं, कारण खरी परीक्षा इथे आहे, त्याची आणि तुमचीही.

तो आला तेव्हा तुम्ही त्याला आत घेतलंत की परत पाठवलंत, हे पत्रात नाही. परत पाठवलं असेल तर पुन्हा बोलवा. घेतलं असेल आणि मनातला राग न लपवता दहा मिनिटांत आटोपलं असेल, तरीही पुन्हा बोलवा, कारण ती मुलाखत झालीच नाही. उशिरा आलेल्यासाठी माझी पद्धत अशी. पंधरा-वीस मिनिटांचा उशीर आपल्या रस्त्यांवर मी धरतच नाही. त्यापुढचा असेल तर त्याला पाणी द्यायचं, चहा द्यायचा, डोकं पुसायला टॉवेल द्यायचा आणि सांगायचं की वेळेवर आलेल्यांचं आधी होईल, तुझं शेवटी. वेळेवर आलेल्याला त्याच्यासाठी ताटकळत ठेवायचं नाही. आणि वेळच उरली नसेल तर तसं स्पष्ट सांगून दुसरी तारीख द्यायची.

मग त्याच्याशी बोलताना 'उशीर का झाला?' असं विचारू नका. त्याचं उत्तर पाठ असतं. 'घरून निघाल्यापासून इथे पोचेपर्यंत काय काय झालं ते सांग' असं म्हणा आणि ऐका. समजा तो म्हणाला, साडेआठची गाडी धरली, मार्गताम्हाण्याच्या अलीकडे झाड आडवं होतं, कंडक्टर म्हणाला तासभर तरी लागेल, म्हणून थोडा वेळ बसलो, मग उतरून पलीकडे चालत गेलो, एका दुचाकीवाल्याने आबलोलीच्या फाट्यापर्यंत सोडलं, तिथून वडाप मिळेना. घडलेली गोष्ट ही अशी वेडीवाकडी असते. तिच्यात कंडक्टर असतो, मध्येच वाया गेलेली वीस मिनिटं असतात, स्वतःचा एखादा चुकलेला निर्णयही असतो. बनवलेली गोष्ट बहुधा एका वाक्याची आणि गुळगुळीत असते. 'ट्रॅफिक होतं, मॅडम.' पण यावर फार भिस्त ठेवू नका. बुजरी मुलं खरी गोष्टही एकाच वाक्यात सांगतात, आणि बोलघेवडा माणूस खोट्यातही कंडक्टर घालतो.

म्हणून उमेदवाराच्या बाहेरची एक गोष्ट तपासायची, एकच. वेळेवर आलेल्या दोघांपैकी कुणी चिपळूणकडून आलं असेल तर तो कोणत्या गाडीने आला ते विचारा. आधीच्या गाडीने आला असेल तर झाड पडण्याआधी निघून आला असेल, म्हणजे त्याच्या वेळेवर येण्याने या मुलाचं म्हणणं खोटं ठरत नाही. गुहागर आगाराच्या चौकशीत विचारलं तर त्या सकाळच्या गाड्या रखडल्या होत्या का हेही कळतं. इथेच थांबा. त्याच्या घरी फोन करू नका. आणि तो सध्या जिथे नोकरी करतो तिथे तर चुकूनसुद्धा नको. तो तिथे सुट्टी टाकून, कदाचित खोटं कारण सांगून, तुमच्याकडे आलेला असतो. तुमच्या एका फोनने त्याची आहे ती नोकरी जाईल.

समजा झाड खरंच पडलं होतं. मग प्रश्न संपला का? नाही. गाडी थांबली तेव्हा साडेनऊ वाजले असतील. तो पोचला बारानंतर. मधल्या अडीच तासांत तुम्हाला फोन नाही. इथे त्याला सरळ विचारा, 'तिथे रेंज होती का? नसेल तर रेंज कुठे आली, आणि आल्यावर काय केलंस?' मला अशा वेळी दोन प्रकारची उत्तरं मिळत आली आहेत. एक, 'फोन केला होता, पण लागला नाही, हा बघा कॉल.' तसं असेल तर आधी तुमचाच फोन तपासा. मुलाखतीच्या पत्रावर ऑफिसचा लँडलाइन छापलेला आणि तो पावसात मेलेला, हे आपल्याकडे नवीन नाही. दुसरं उत्तर, 'म्हटलं, येतोच आहे, आता फोन काय करायचा.' हे खोटं नाही. पण तुमच्या कामासाठी हेच उत्तर महत्त्वाचं आहे.

स्टोअरच्या माणसाचं निम्मं काम वेळेत सांगण्याचं असतं. उन्हाळ्यात घेतलेली काजू बी तुमच्याकडे पावसाळाभर गोदामात पडून असते. पत्र्यातून पाणी टपकायला लागलं आणि 'उद्या साहेब येतीलच, तेव्हा दाखवू' म्हणून तो गप्प बसला, तर रात्रीत खालची पोती ओली होतात आणि पुढे गराला बुरशी लागते. म्हणून त्याला झाडासाठी शून्य गुण कापा, फोन न केल्यासाठी मात्र नोंद करा आणि मुलाखतीत तोच धागा पुढे न्या. 'संध्याकाळी सात वाजता एका कोपऱ्यातली चार पोती ओली दिसली, मी चिपळूणला गेलोय आणि फोन उचलत नाही, तर काय करशील?' पोती हलवीन, ताडपत्री टाकीन, मेसेज टाकून ठेवीन आणि दादांच्या भावाला फोन करीन, असं काही आलं तर मंगळवारची चूक नवखेपणाची होती असं समजा. उत्तर गुळमुळीत आलं तर मंगळवारची गोष्ट पुन्हा होणार. कामाचं स्वरूप वेगळं असतं तर वजनही वेगळं धरलं असतं. काजू सोलायला बसणाऱ्या बाईला याच मापाने मोजायची गरज नाही. आणि सकाळी सातला कुलूप उघडायचंच आहे अशा पदाला रोजच्या येण्याजाण्याचं वजन याहून जास्त.

आजीचा मेसेज. पुरावा मागू नका, मृत्यूचा दाखला तर नाहीच नाही. संध्याकाळी कळवलं यातही काही वावगं नाही. ज्या घरातून सकाळी माणूस गेलं, तिथे दुपारपर्यंत कुणाला मुलाखत आठवते? घरात सुतक असेल तर तो दहा-बारा दिवस येणारही नाही, आणि कित्येक घरांत नव्या कामाचं बोलणंसुद्धा तोवर करत नाहीत. दोन ओळी लिहा. वाईट वाटलं, घरचं आटोपून घ्या, अमुक तारखेनंतर यायला जमेल का ते अमुक वारापर्यंत कळवा. जागा तेवढे दिवस थांबवता येत नसेल तर तेही त्याच मेसेजमध्ये खरं खरं लिहा. खोटं आश्वासन देऊन नंतर 'जागा भरली' म्हणू नका. पुढचं आपोआप कळतं. ज्याला नोकरी हवी असते तो दिलेल्या दिवसाच्या आत उत्तर देतो, कधीकधी स्वतःच तारीख सुचवतो. ज्याने आजीला नुसती कारणापुरती पुढे केली, तो बहुधा त्या मेसेजला अंगठा दाखवून गप्प होतो. तुम्हाला खोटं पकडावं लागत नाही, फाइल आपली आपण बंद होते. आणि खोटं असूनही त्याने उत्तर दिलंच, वेळेवर आलाच, तर काय बिघडलं? मुलाखत घ्या. तीन नोकऱ्यांमध्ये तीन आज्या गेल्या तर मात्र मोजायला हरकत नाही.

बायकांच्या बाबतीत एक सांगते. 'घरची अडचण आहे, येता येणार नाही' एवढंच लिहून कुणी वेळेत कळवलं, तर पुढे खोदू नका. दुखणं, घरातलं भांडण, मूल आजारी, सासऱ्यांनी नको म्हटलं, यांतलं काहीही असू शकतं आणि ते परक्या माणसाला सांगण्यासारखं नसतं. वेळेत कळवलं ना? दुसरी तारीख द्या.

फोन बंद असलेल्याचं काय? एक मेसेज करा, साधा. 'मंगळवारी भेट झाली नाही. अजून यायचं असेल तर शनिवारी दुपारी बारापर्यंत कळवा.' शनिवारी बारा वाजले की नाव बंद, चिडचिड नको. कदाचित त्याला दुसरीकडे काम लागलं असेल. पगाराचा आकडा ऐकून घरच्यांनी नको म्हटलं असेल. मुंबईहून गावी आलेला मुलगा असेल आणि बेत बदलून परत गेला असेल. आपला कोकणी माणूस भांडायला कमी करत नाही, पण तोंडावर 'नको' म्हणायला त्याला भारी भीड पडते. मग तो फोनच बंद ठेवतो. यावर इलाज मुलाखतीच्या आधी होतो, नंतर नाही.

पुढच्या वेळी आदल्या दिवशी दुपारी प्रत्येकाला असा मेसेज जाऊ द्या. 'उद्या अकराला भेटू. कोणत्या गाडीने येणार ते कळवा. उशीर झाला तर या नंबरवर फोन किंवा मेसेज करा. यायचं नसेल तर नुसतं "नाही" लिहा, काही वाटणार नाही.' यातला गाडीचा प्रश्न फार कामाचा आहे. ज्याने येण्याचा विचार केलाय त्याच्याकडे उत्तर तयार असतं. 'बघतो', 'येईन कसाही' असं उत्तर आलं की तो येण्याची शक्यता निम्म्यावर आली असं धरा आणि आणखी एकाला बोलावून ठेवा. शिवाय तुम्हालाही कळतं की त्याच्या गावची पहिली गाडीच तुमच्याकडे साडेदहाला पोचत नाही. वस्तीची गाडी सुटली की त्या गावात पुढची गाडी थेट दुपारी, असं अजून कितीतरी वाड्यांवर आहे. अशा माणसाला साडेदहा देऊन आपणच त्याला उशिरा आणतो. जून ते ऑक्टोबरमध्ये मी अकराच्या आधीची वेळ लांबच्यांना देत नाही. कुणी मुंबईहून रेल्वेने येणार असेल तर पोचायच्या दिवसाची मुलाखत ठेवतच नाही, दुसऱ्या दिवशीची ठेवते, कारण पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं असतं आणि गाड्या मुद्दाम कमी वेगाने चालवतात. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला तर मुलाखत तुम्हीच पुढे ढकला, कुणी विचारायच्या आत.

आणि दुसरी संधी एकदाच. ती सगळ्यांना सारखी, तुमच्या भावाच्या ओळखीच्या मुलालाही. दुसऱ्यांदा न कळवता गैरहजर राहिला, आणि त्या दिवशी तपासता येईल असं रस्त्याचं किंवा पाण्याचं काही घडलेलं नसलं, तर विषय संपला. वहीत प्रत्येकापुढे तीनच गोष्टी लिहा. किती वाजता कळवलं, काय सांगितलं, दुसऱ्या तारखेला आला का. स्वभावाबद्दलची मतं लिहू नका. महिन्याभराने भावाने 'त्याला का घेतलं, ह्याला का नाही' असं विचारलं तर ही वही दाखवता येते. फक्त ती तुमच्या कपाटातच राहू द्या. काजूवाल्यांच्या ग्रुपवर 'हा मुलगा दांडी मारतो' म्हणून नाव टाकू नका. आपला तालुका लहान आहे. एका चुकलेल्या गाडीपायी एखाद्याची पाच कारखान्यांची दारं बंद होतील, आणि त्याच्या चुलत्याकडूनच तुम्हाला पुढच्या मोसमात बी घ्यायची असेल.

तेव्हा आता दाभोळची मुलगी आणि चिपळूणचा मुलगा यांना येत्या सोमवारी अकराला बोलवा. आजीवाल्याला वर लिहिल्याप्रमाणे मेसेज, चौथ्याला शनिवारची मुदत. मंगळवारी वेळेवर येऊन गेलेल्या दोघांना तुम्ही अजून काही कळवलेलं दिसत नाही. निकाल पुढच्या बुधवारपर्यंत लांबलाय एवढा एक मेसेज त्यांना आज संध्याकाळच्या आत करा. त्यांच्यापैकी एकाला दुसरीकडून बोलावणं आलेलं असू शकतं, आणि तो तुमच्या फोनची वाट बघत ते अडवून बसला असेल.